ताईला रक्त जमवून दिलेल्यांचे आभार : सोलापुरातलं एक प्रकरण

ताईच्या डिलिव्हरीच्या रात्री रक्तासाठी जे जे धावले त्यांचे आभार मानायचं काम घरच्यांनी माझ्याकडं दिलं. सुरुवातीला वाटलं होतं की ग्रुपवर एक मेसेज टाकला की झालं, पण यादी करायला बसलो तसं कळत गेलं की त्या रात्री प्रत्येकानं केलेलं काम वेगळं होतं, काहींचं तर आम्हाला दिसलंही नव्हतं, आणि ज्यांच्या रक्तावर ताई खरंच वाचली त्यातल्या एकालाही आम्ही ओळखत नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, उद्या कुणावर अशी वेळ आली तर नंतर कुणाला काय बोलायचं हे तरी सुचेल. नावं कुणाचीच देत नाही, हॉस्पिटलचंही नाही.

काय झालं होतं

मे महिन्याचा पहिला आठवडा. या दिवसांत सोलापुरात दुपारी बाहेर पडवत नाही आणि ब्लड बँकांची अडचण नेमकी तेव्हाच असते, कॉलेजं बंद, पोरं गावी गेलेली, त्यामुळं शिबिरं कमी आणि साठा कमी. ताईची ही दुसरी खेप. रात्री साडेनऊच्या सुमाराला नॉर्मल डिलिव्हरी झाली, मुलगी झाली, बाळ ठणठणीत, आम्ही बाहेर पेढ्याचं बोलत होतो तेवढ्यात सिस्टरांची पळापळ दिसली. डिलिव्हरीनंतर गर्भाशय आकसून घट्ट व्हायला पाहिजे, म्हणजे आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं, ताईचं ते आकसतच नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पोटावरून मसाज चालू ठेवला, शेवटी आत फुगा घालून दाब दिला. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.६ होतं ते ६.४ वर आलं. डॉक्टर बाहेर येऊन दाजींना एवढंच म्हणाले की चार पिशव्या रक्त आणि चार पिशव्या प्लाझ्मा लागतील, ग्रुप बी निगेटिव्ह आहे, लगेच माणसं पाठवा.

आपल्याकडं शंभर माणसांत निगेटिव्ह ग्रुपची जेमतेम पाच-सहा निघतात, त्यातही बी निगेटिव्ह म्हणजे अजून कमी. दाजींचे हातपायच गळाले होते.

मामेभाऊ आणि ट्यूबवरचं नाव

आभाराच्या यादीत पहिलं नाव मामेभावाचं, आणि त्यानं त्या रात्री रक्त दिलेलं नाही. त्यानं सॅम्पल पोचवलं. रक्त आणायला डॉक्टरांचा भरलेला फॉर्म लागतो आणि पेशंटच्या रक्ताची ट्यूब लागते, तिच्यावरून बँक ग्रुप परत तपासते आणि साठ्यातल्या पिशवीबरोबर जुळतंय का ते बघते, त्याला क्रॉस मॅच म्हणतात, सगळं धरून पाऊण-एक तास जातो. हा पठ्ठ्या ट्यूब खिशात घालून जिना उतरत होता आणि उतरता उतरता त्यानं चिठ्ठी वाचली. फॉर्मवर ताईचं सासरचं आडनाव आणि ट्यूबवर माहेरचं. तसाच परत वर गेला.

नाव जुळत नसलं तर बँक ती ट्यूब घेत नाही आणि घेऊही नये, कारण चुकीच्या माणसाचं रक्त चढण्याचे जे प्रकार होतात ते मशीनच्या चुकीनं कमी आणि नावाच्या घोळानं जास्त होतात. जुन्या ट्यूबवर नुसतं नाव खोडून दुसरं लिहून पण चालत नाही. सिस्टरांनी नवीन सॅम्पल काढलं, पलंगाशेजारी उभं राहून नाव आणि आयपीडी नंबर लिहिला, आणि हा निघाला. पाच-सात मिनिटं गेली असतील. पण तसाच गेला असता तर बँकेतनं परत यायला लागलं असतं आणि अर्धा-पाऊण तास नुसता हेलपाट्यात गेला असता, आणि आत ताईचं रक्त चालूच होतं.

मी त्याला फोन केला तेव्हा "लई पळलास रे" असं म्हणलो नाही, पळाले सगळेच. "तू जिन्यात ट्यूबवरचं नाव वाचलंस" असं म्हणलो. तो गप्पच झाला, म्हणाला, तुला कुणी सांगितलं. सिस्टरांनी सांगितलं होतं. मला वाटतं आभार मानायच्या आधी जरा चौकशी करावी, कुणी नेमकं काय केलं ती. ते माहीत नसताना मानलेले आभार सगळ्यांना सारखेच लागू होतात आणि ऐकणाऱ्याला पण ते कळतं.

फोनवरचा मित्र

दुसरा माझा वर्गमित्र, अशोक चौकातला, घरचे लूम आहेत. तो हॉस्पिटलला आलाच नाही, घरी बसून एकेका ब्लड बँकेला फोन लावत होता. ई-रक्तकोषवर कुठल्या बँकेत कुठल्या ग्रुपच्या किती पिशव्या आहेत ते दिसतं, पण तिथला आकडा केव्हाचा आहे ते बघायला लागतं, म्हणून त्यानं यादी तिथनं काढली आणि खात्री फोनवर केली. पहिल्या बँकेत बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या निघाल्या, दुसरीत एक. चौथी नव्हती. दुसऱ्या बँकेतल्या टेक्निशियननं सांगितलं की अगदीच वेळ आली तर ओ निगेटिव्हची एक आहे, ती बी निगेटिव्हला चालते, तुमच्यासाठी राखून ठेवतो.

आणि त्यानं अजून एक केलं. आमच्या नातेवाइकांचे ग्रुपवर मेसेज चालू होते, बी निगेटिव्ह प्लाझ्मा पाहिजे, चार डोनर पाहिजेत, लोक घाबरून पंढरपूर-बार्शीपर्यंत फोन करत होते. यानं टेक्निशियनला सरळ विचारलं, प्लाझ्मा पण निगेटिव्हच लागतो का. तो म्हणाला नाही हो, निगेटिव्ह-पॉझिटिव्हची भानगड लाल पेशींची, प्लाझ्माला बी ग्रुप पुरे, बी पॉझिटिव्हचा चालतो, तो आमच्याकडं भरपूर आहे, वितळवायला अर्धा तास द्या. गोठवून ठेवलेला असतो ना तो. म्हणजे चार माणसांची शोधाशोध एका प्रश्नानं संपली. त्याच्या आईला मी मुद्दाम जाऊन हे सांगितलं, कारण तिला वाटत होतं की बाकीची पोरं रक्त द्यायला गेली आणि आपला घरात फोनवर बसला.

शेजारचे काका

शेजारचे काका एसटीतनं रिटायर झालेले, कंडक्टर होते. ते ब्लड बँकेच्या दारात खुर्ची टाकून बसले. मेसेज फिरल्यावर माणसं यायला लागतात, सगळी एकदम येतात, आणि बँकेत रात्री स्टाफ दोन-तीन. काकांनी वही काढली, आलेल्याचं नाव, ग्रुप, शेवटचं रक्त कधी दिलं, जेवण झालंय का, असं विचारून लिहून घेतलं. उपाशी आलेल्याला समोरच्या गाड्यावर पाठवलं खायला. ज्यांनी नुकतंच दिलेलं होतं त्यांना परत पाठवलं, पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने मधी जावे लागतात. पाच जणांचं झाल्यावर बाकीच्यांना म्हणाले, आज तुम्ही घरी जा, परवा लागलं तर तुम्हालाच बोलावतो, सगळ्यांनी आजच दिलं तर परवा कोण देणार.

ही वही मला नंतर आभाराच्या कामाला आली. ती नसती तर निम्मी माणसं मला कळलीच नसती, रात्री दहा-अकराला येऊन काही न देता परत गेलेली माणसं घरच्यांच्या लक्षात कशी राहणार. त्या प्रत्येकाला मी लिहिलं की तुम्ही आला होता ते काकांच्या वहीत आहे, ताई बरी आहे, तुमची गरज पडली नाही. एकानं उत्तर दिलं, मला वाटलं कुणाला माहीतच नाही मी आलेलो.

ज्यांचं रक्त घेतलं नाही

सगळ्यात अवघड आभार इथले. ताईची नणंद विजापूर रोडवरनं रिक्षा करून आली, बोटातनं थेंब घेतला, हिमोग्लोबिन ११.८. रक्त द्यायला १२.५ लागतं. तिला नाही म्हणलं, आणि ती तिथंच रडायला लागली, वहिनीसाठी एवढं पण करता येईना म्हणून. मग रात्रभर तिनं ताईच्या मोठ्या मुलाला सांभाळलं, सकाळी डबा आणला. तिचे आभार मानताना तिला समजावत बसण्यात अर्थ नव्हता, मी तिला एवढंच म्हणलं की सोनू रात्रभर तुझ्यापाशी झोपला म्हणून आई हॉस्पिटलला थांबू शकली, आणि ११.८ आलंय ते आपलं आपल्याला कळलं हे बरं झालं, डॉक्टरांना दाखवून घे. तिनं दाखवलं, गोळ्या चालू आहेत.

दुसरा आमच्या चुलतभावाचा मित्र. त्याला फॉर्म भरायला दिला, त्यात प्रश्न असतात, कावीळ झालेली का, ऑपरेशन झालंय का, गेल्या वर्षात गोंदवलंय का. यानं जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत दंडावर टॅटू काढलेला, शर्टाच्या बाहीखाली, कुणाला दिसत नव्हता. त्यानं हो लिहिलं. टॅटू काढल्यावर एक वर्ष रक्त घेत नाहीत, परत पाठवलं. चुलतभाऊ त्याच्यावर चिडला, म्हणे एवढी गरज आहे, नसतं लिहिलं तर काय झालं असतं.

मी त्या पोराला भेटायला गेलो ते याच्यासाठीच. दिलेलं प्रत्येक रक्त तपासतात, एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया, पण लागण नवी असेल तर सुरुवातीचे काही दिवस ती टेस्टमध्ये दिसत नाही. सुईतनं कावीळ येऊ शकते, यात्रेतल्या टॅटूवाल्यानं सुई बदलली का नाही कुणाला माहीत. त्या दिवसांत पेशंटचा बचाव एकच, देणारा माणूस फॉर्मवर खरं लिहितो तो. बाकीच्यांनी दंड पुढं केला, यानं बाहीखालचा टॅटू दाखवला, आणि माझ्या लेखी दोघांचं मोल सारखं. हे त्याच्या मित्रांसमोर सांगितलं. चुलतभाऊ पण होता तिथं.

माझी आणि दाजींची पिशवी

मी स्वतः बी निगेटिव्ह. मी पहिल्यांदाच हात पुढं केला होता, बँकेच्या डॉक्टरांनी माझं रक्त घेतलं पण म्हणाले ते तुमच्या बहिणीला देणार नाही, साठ्यातलं देऊ, तुमचं दुसऱ्याला जाईल. घरच्यांना हे पटेना, सख्ख्या भावाचं रक्त सोडून परक्याचं कशाला. डॉक्टरांनी समजावलं ते असं की रक्ताच्या पिशवीत देणाऱ्याच्या थोड्या पांढऱ्या पेशी जातात, परक्याच्या असल्या की पेशंटचं शरीर त्यांना ओळखून मारून टाकतं, पण सख्ख्या नात्यातल्या पेशी इतक्या सारख्या असू शकतात की शरीर त्यांना आपलंच समजून सोडून देतं, आणि मग त्याच पेशी पेशंटवर उलटतात. क्वचित होतं पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. त्यासाठी पिशवीला किरण देऊन त्या पेशी निकामी करायला लागतात, ती सोय सगळीकडं नसते.

दाजी बी पॉझिटिव्ह, त्यामुळं त्यांचा प्रश्नच नव्हता, पण डॉक्टर म्हणाले ग्रुप जुळला असता तरी नवऱ्याचं बायकोला शक्यतो देत नाहीत, पुढं मूल व्हायचं असेल तर तिच्या शरीरात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध काहीतरी तयार होऊन बसतं आणि ते बाळाला बाधू शकतं. दाजींनी पण दिलं, ते साठ्यात गेलं.

आभार मानताना हे फार उपयोगी पडलं. कारण त्या रात्री दिलेल्या पाच जणांपैकी कुणाचंच रक्त त्या रात्री ताईला चढलेलं नाही. चढणारच नव्हतं. रक्त काढलं की त्याच्या टेस्ट होतात, लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करतात, याला काही तास जातात, आणि ताईला तासाभरात पाहिजे होतं. ताईला मिळाल्या त्या आधीच तपासून ठेवलेल्या तीन पिशव्या, आणि या पाच जणांनी साठ्यात टाकल्या पाच, म्हणजे दुसऱ्या दिवशी जो कुणी आला असेल त्याला. "तुमच्या रक्तानं ताई वाचली" असं त्यांना लिहिणं गोड वाटलं असतं, पण खरं नव्हतं. मी लिहिलं ते असं :

"ताई आज उठून बसली. तिला बँकेनं साठ्यातलं रक्त दिलं आणि तुम्ही ती जागा भरून काढलीत. तुमचं रक्त कुणाला तरी गेलं असेल, तो कोण ते आपल्याला कळणार नाही, पण त्याच्या घरच्यांच्या वतीनं पण आम्हीच आभार मानतो. हात दुखतोय का? पुढचे तीन महिने कुणी बोलावलं तरी देऊ नका."

हात दुखतोय का हे मुद्दाम विचारलं. एकाचा दंड खरंच काळा-निळा झालेला, तो सांगत नव्हता. आणि कुणालाही तुमचा रिपोर्ट कसा आला असं विचारलं नाही. टेस्टमध्ये काही निघालं तर बँक त्या माणसाला एकट्याला बोलावून सांगते, ते त्याचं त्याच्यापाशी राहायला पाहिजे, आपण काळजीनं विचारलं तरी त्याला खोटं बोलायची वेळ येते.

मोहोळहून आलेले भाऊ

रात्री एकच्या सुमाराला मोहोळहून एकजण मोटरसायकलवर आले, बी निगेटिव्ह, आमच्या ओळखीचे नाहीत, मेसेज फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलेला. पाचांतली एक पिशवी त्यांची. तपासून झाली की ती ताईसाठी चौथी म्हणून राखायची असं ठरलं. पण पहाटेपर्यंत रक्त थांबलं, तीन पिशव्यांवर हिमोग्लोबिन ८.९ ला आलं, साधारण एका पिशवीनं एक वाढतं तसंच, आणि डॉक्टर म्हणाले चौथी नको, राहिलेलं गोळ्यांनी आणि इंजेक्शननं भरून येईल. गरज नसताना पिशवी चढवू नये हे पण खरंच आहे.

म्हणजे एक माणूस मध्यरात्री पस्तीसेक किलोमीटर गाडी मारून आला आणि त्याची पिशवी पेशंटला लागलीच नाही. घरात एक मत असं पडलं की त्यांना हे सांगूच नका, लागली म्हणा, वाईट वाटेल. मी आणि आई म्हणालो सांगायचं. फोन केला, सांगितलं. ते म्हणाले, "लागली नाही म्हणजे बरंच झालं की, अजून कुणाला तरी होईल." मग विचारलं, बाळ कसंय. बाळ बी पॉझिटिव्ह निघालं होतं, म्हणून ताईला बहात्तर तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिलं, पुढच्या खेपेला त्रास नको म्हणून, ते पण त्यांना माहीत होतं, त्यांच्या बहिणीचं असंच झालेलं म्हणे.

दाजींच्या वडिलांनी पहाटे त्यांच्या खिशात पाकीट घालायचा प्रयत्न केला होता. त्यांनी हात धरून परत केलं. दाजींच्या वडिलांचा हेतू चांगलाच, आपल्याकडं कुणाला मोकळ्या हातानं पाठवत नाहीत, पण रक्ताचे पैसे देता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात बंद झालं, कारण पैशासाठी देणारा माणूस फॉर्मवर खरं लिहीत नाही, आजार लपवतो, महिन्याला चार ठिकाणी देतो. येण्या-जाण्याचा खर्च दिला तर ते विकणं होत नाही, म्हणून आम्ही पेट्रोलचं विचारलं, ते पण नको म्हणाले. शेवटी बारशाला बोलावलं, जेवून गेले, जाताना आईनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली, ती मात्र घेतली.

त्यांचा फोटो, नंबर, ग्रुप असं स्टेटसला टाकायचं दाजींच्या भावाच्या मनात होतं, मी थांबवलं. एकदा का "बी निगेटिव्ह, मोहोळ" म्हणून नंबर फिरला की त्या माणसाला वर्षभर रात्री-अपरात्री फोन येत राहतात, महिन्याभरापूर्वीच दिलंय हे कुणी ऐकत नाही. त्यांना विचारून त्यांची नोंद बँकेच्या रेअर ग्रुपच्या रजिस्टरला केली, तिथं शेवटची तारीख लिहिलेली असते आणि तीन महिन्यांच्या आत बोलावत नाहीत.

१४ एप्रिलची पिशवी

आता ज्यांना ओळखत नाही त्यांचं. दुसरी पिशवी आणायला मामेभावाबरोबर मी पण गेलो होतो, बर्फाच्या डब्यातनं आणतात, बँकेतनं निघाल्यावर अर्ध्या तासात लावायला पाहिजे नाहीतर परत साठ्यात घेत नाहीत. वॉर्डात सिस्टरांनी डबा उघडला, पिशवी गार, बाहेरनं पाणी सुटलेलं, आणि दोघी सिस्टर एकमेकींना लेबल वाचून दाखवत होत्या, ग्रुप, पिशवीचा नंबर, रक्त घेतल्याची तारीख, संपायची तारीख. घेतल्याची १४ एप्रिल, संपायची २६ मे. लाल पेशी या पिशवीत बेचाळीस दिवस टिकतात.

१४ एप्रिल म्हणल्यावर सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. बाबासाहेबांच्या जयंतीला शहरात गल्लोगल्ली शिबिरं असतात. त्यातल्या कुठल्यातरी मंडपात उन्हाचं कुणीतरी आडवं झालं होतं, बिस्किट-सरबत घेऊन घरी गेलं होतं, आणि तीन आठवड्यांनी ती पिशवी माझ्या बहिणीच्या हाताला लागली होती. त्या माणसाला शोधायचा विचार मनात आला, पण बँक नंबरावरून नाव सांगत नाही आणि ते बरोबरच आहे, देणारा-घेणारा एकमेकांना कळले की उपकाराचं ओझं, मागणी, सगळं सुरू होतं.

बँकेच्या पीआरओ मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या पत्र द्या, त्या दिवशीची आमची जी शिबिरं होती त्यांच्या आयोजकांना पाठवते. वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, एक पान : तुमच्या शिबिरात त्या दिवशी बी निगेटिव्ह रक्त देणारं कुणीतरी होतं, ते रक्त मे महिन्यात एका बाळंतिणीला चढलं, आई आणि मुलगी दोघी घरी आहेत, नाव सांगत नाही, विचारत नाही, मंडळात वाचून दाखवा. त्यातल्या एका मंडळानं ते पत्र नोटीस बोर्डाला लावलंय असं मॅडमकडनं कळलं. बाकीच्या दोन पिशव्यांच्या तारखा मी बघितल्या नव्हत्या, म्हणून दुसऱ्या बँकेला पण तसंच पत्र दिलं, तारीख न घालता.

मेसेज थांबवणं

हे सगळ्यात आधी करायचं काम, मी शेवटी सांगतोय एवढंच. रात्री फिरलेल्या मेसेजवर ना तारीख होती ना वेळ, नुसतं "अर्जंट बी निगेटिव्ह" आणि दाजींचा नंबर. ताई घरी आल्यावर पण फोन चालूच, एकदा तर लातूरहून. प्रत्येक फोनमागं एक माणूस यायला तयार आहे आणि त्याला आपण नको म्हणतोय, पुढच्या खऱ्या वेळेला तो म्हणणार हे मेसेज जुनेच असतात. म्हणून सकाळी डॉक्टरांनी चौथी नको म्हणल्याबरोबर दुसरा मेसेज गेला : अमुक तारखेची रात्रीची बी निगेटिव्हची गरज पूर्ण झाली, पेशंट सुखरूप, कृपया कुणी येऊ नये, जुना मेसेज डिलीट करा.

पण तो ज्या ग्रुपवर टाकला तिथपर्यंतच गेला. वाईट बातमी जशी पळते तशी ही पळत नाही. म्हणून मी एक केलं, ज्याच्याकडनं जुना मेसेज गेला त्या प्रत्येकाला म्हणलं, तू ज्यांना पाठवला होतास त्यांनाच हा पाठव, आणि वर तुझ्याकडनं एक ओळ आभाराची घाल, आमच्याकडनं नको, त्यांनी तुझ्या शब्दावर पुढं पाठवला होता. वर्गमित्रानं त्याच्या मावसभावाला, त्यानं बार्शीच्या एका सरांना, सरांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. तिथनं पुढं कुणी मोहोळला नेला ते काही केल्या सापडेना, सरांना पण आठवेना. मधला तो माणूस कोण, त्याचे आभार राहिले असं वाटत होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी मोहोळच्या भाऊंचा मेसेज आला. गरज पूर्ण झाल्याचा तोच मेसेज, वर पाच-सहा जणांच्या आभाराच्या ओळी जोडत आलेल्या, शेवटची कुणा पेट्रोल पंपावरच्या पोराची, "दादा तुम्ही गेलात ना त्या रात्री, थँक्यू." खाली भाऊंनी लिहिलेलं, हे तुमचंच ना?